‘मी येतो तिकडं’: एका निरोपाचं शवविच्छेदन

हा निरोप एकोणीस सेकंदांचा आहे. आईनं व्हॉइस नोट करून पाठवला होता आणि तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यातला एकही शब्द चुकीचा नाही. निरोप देणारीनं काही गाळलं नाही, पदरचं घातलं नाही, आणि ऐकणाऱ्याला मराठी नीट येतं. तरीही त्या संध्याकाळी दाजी साताऱ्यात माझी वाट बघत बसले आणि मी पुण्यात त्यांची. मी मुलाखती उतरवून काढायचं आणि त्यांचं भाषांतर करायचं काम करतो, त्यामुळे ‘मी’, ‘तू’, ‘इथं’, ‘तिथं’ हे शब्द किती घसरडे असतात हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. पण आईचा आवाज ऐकताना कोण व्याकरण तपासतं?

आधी परिस्थिती सांगतो. कोरेगाव तालुक्यात आमची थोडी जमीन आहे, माझ्या आणि ताईच्या नावावर. तिची मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. दाजी म्हणजे ताईचे यजमान कराडला असतात, आई साताऱ्याला, मी पुण्यात. मूळ बेत असा की मी दुपारच्या एसटीनं निघायचं, साताऱ्याला न उतरता थेट कराडला दाजींकडे जायचं आणि सकाळी त्यांच्या गाडीतून दोघांनी शेतावर पोचायचं. बेत वेडगळ होता, कारण कोरेगाव साताऱ्यापासून वीसेक किलोमीटरवर आणि कराड दुसऱ्याच दिशेला पन्नासेक. दाजींच्या हे दुपारी लक्षात आलं. त्यांनी मला फोन केला, तो बंद होता. मग त्यांनी आईला केला.

दाजींचं खतांचं दुकान आहे. लोक फोनवर ऑर्डरी देतात आणि नंतर नाकबूल करतात, म्हणून त्यांच्या फोनवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. त्यामुळे मूळ बोलणंही हाती आहे. ते असं:

‘आई, त्याचा फोन लागत नाहीये. त्याला सांगा, मी येतो तिकडं. त्यानं इकडं यायची गरज नाही, तिथंच थांबावं. उद्या सकाळी आपण बरोबरच जाऊ.’

आणि हा आईचा निरोप:

‘अरे, दाजींचा फोन आला होता. तुझा फोन लागत नव्हता म्हणे. मी येतो तिकडं म्हणाले. तू इकडं यायची गरज नाही, तिथंच थांब. उद्या सकाळी आपण बरोबरच जाऊ.’

दाजींना आणि आईला वाटत होतं की मी दोनच्या गाडीनं निघालोय आणि एव्हाना घाट उतरत असेन. प्रत्यक्षात कामात अडकून मला उशीर झाला होता. स्वारगेटला रांगेत उभं राहून फोन चालू केला तेव्हा चार वाजत आले होते. निरोप ऐकला आणि मी समजलो ते असं: दाजी पुण्याला येतायत, मी साताऱ्याकडे जायची गरज नाही, पुण्यातच थांबायचं, सकाळी आम्ही दोघं निघायचं आणि वाटेत आईला घ्यायचं. दाजींना मालासाठी पुण्याला यावं लागतंच, म्हणून शंकाही आली नाही. रांगेतून बाहेर पडलो, खोलीवर जाऊन पसारा आवरला आणि पाहुण्यांसाठी पाव किलो श्रीखंड आणलं. आठच्या सुमारास दाजींचा फोन आला.

‘कुठंयस?’

‘इथंच.’

‘इथंच म्हणजे कुठं? मी इथं आहे.’

यानंतरचा अर्धा मिनिट छापण्यासारखा नाही.

एक बाई, तीन ठिय्ये

‘मी’, ‘तू’, ‘इथं’, ‘तिथं’, ‘आत्ता’ या शब्दांचा अर्थ कोशात बघून लागत नाही. बोलणारा कोण आहे आणि कुठं उभा आहे हे कळलं तरच तो लागतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्यूलर यांनी 1934 साली यासाठी एका शून्यबिंदूची कल्पना मांडली. मी, इथं आणि आत्ता या तिन्ही रेघा जिथं छेदतात तो हा बिंदू, आणि बाकीचं सगळं तिथून मोजायचं. मी त्याला ठिय्या म्हणतो. समोरासमोर बोलताना ठिय्या एकच असतो. निरोपात मात्र निदान दोन असतात: मूळ बोलणाऱ्याचा आणि सांगणाऱ्याचा.

आईच्या एकोणीस सेकंदांत तर तीन निघतात. पहिलं वाक्य: ‘दाजींचा फोन आला होता.’ ते तिचे दाजी नाहीत, जावई आहेत. दाजी ते माझे. नात्याचा शब्द उच्चारताना आई माझ्या ठिय्यावर येऊन बसली. आपल्याकडे हे इतकं रोजचं आहे की लक्षातही येत नाही. आजी स्वतःच्या मुलाला नातवासमोर ‘बाबा आले बघ’ म्हणते, तेव्हा ती हेच करत असते.

दुसरं वाक्य: ‘तुझा फोन लागत नव्हता म्हणे.’ दाजी ‘त्याचा’ म्हणाले होते, आईनं ‘तुझा’ केलं. म्हणजे हा ठिय्या तिचा स्वतःचा. शेवटचा ‘म्हणे’ एवढंच सांगतो की ही बातमी ऐकीव आहे. वाक्याच्या शेवटी येणारा हा ‘म्हणे’ सर्वनामांना हात लावत नाही, ती सांगणाऱ्याच्याच जागेवरून मोजली जातात.

तिसरं वाक्य: ‘मी येतो तिकडं म्हणाले.’ ‘म्हणे’च्या जागी ‘म्हणाले’ आलं आणि अख्खा ठिय्या कराडला गेला. हा ‘मी’ आई नाही, दाजी आहेत. हे मला क्षणभरही चुकीचं कळलं नाही, आणि ते का चुकलं नाही हेच पुढच्या घोटाळ्याचं उत्तर आहे.

‘मी’ का हरवला नाही

मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना ‘मी’ मूळ बोलणाऱ्याचाच राहू शकतो, मध्ये ‘की’ असला तरी: ‘दाजी म्हणाले की मी येतो.’ इंग्रजीच्या सवयीनं हे वाक्य ‘दाजी म्हणाले की ते येतील’ असं लिहिलेलं हल्ली बातम्यांत दिसतं. घरात कोणी असं बोललं तर मी विचारेन, ‘ते कोण?’ माझ्या कानाला तो ‘ते’ तिसऱ्याच कोणाकडे बोट दाखवतो.

आता कोणी म्हणेल, हा तर नुसता अवतरणातला ‘मी’, नाटकातल्यासारखा शब्द जसाच्या तसा उचललेला. तसं नाही, हे एका रोजच्या प्रश्नावरून कळतं: ‘बाबा कधी येईन म्हणाले?’ ‘येईन’ हे रूप प्रथमपुरुषाचंच आहे. ते बाबांच्या तोंडचं. पण ‘कधी’ बाबांचं नाही, बाबा काही ‘मी कधी येईन?’ असं विचारत नव्हते. ‘कधी’ प्रश्न विचारणाऱ्याचं आहे. म्हणजे एकाच छोट्या वाक्यात क्रियापद एकाच्या ठिय्यावर आणि प्रश्नार्थक शब्द दुसऱ्याच्या. नुसत्या अवतरणात असं मिसळता येत नाही.

भाषेच्या तत्त्वज्ञानात या मुद्द्यावर बराच वाद झाला आहे. ‘मी’चा अर्थ बदलून टाकणारी रचना इंग्रजीत नाही आणि तशी घालताही येणार नाही, असं डेव्हिड कॅप्लन यांचं म्हणणं होतं. अशा काल्पनिक रचनांना त्यांनी राक्षस म्हटलं. पुढे 2003 मध्ये फिलिप श्लेंकर यांनी इथिओपियातल्या अम्हारिक भाषेतली उदाहरणं पुढे करून राक्षस असतात असं मांडलं. अम्हारिकमध्ये ‘जॉन म्हणतो मी शूर आहे’ या वळणाच्या वाक्यातला शूर जॉन असू शकतो. मराठी माणसाला यात नवल काय ते कळायला जरा वेळ लागतो.

पण ‘मी’ जर दोघांपैकी कोणाचाही असू शकतो, तर गोंधळ का होत नाही? कारण मराठी क्रियापद पहारा देतं. आई स्वतःबद्दल बोलली असती तर ‘येते’ म्हणाली असती. ‘येतो’ म्हटल्याबरोबर तो ‘मी’ पुरुष आहे हे ठरलं. वर्गातली एखादी मुलगी सांगते, ‘सर म्हणाले, मी चुकलो’, म्हणजे सरांनी चूक कबूल केली. तीच म्हणाली, ‘सर म्हणाले, मी चुकले’, तर चूक तिची. फरक शेवटच्या एका स्वराचा. जिथं क्रियापद लिंग दाखवत नाही, तिथं मात्र पहारा सुटतो. ‘सर म्हणाले, मी पास होईन’ या वाक्यातला ‘मी’ कोण हे व्याकरण सांगत नाही. सर परीक्षेला बसत नाहीत हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून निभावतं.

असला पहारेकरी ‘इकडं’ आणि ‘तिकडं’ला नाही. ‘तिकडं’ पुल्लिंगी होत नाही, आदरार्थी होत नाही, कोणाशी जुळवूनही घेत नाही. तो शब्द कोणाच्या ठिय्यावरून उच्चारला हे त्याच्या अंगावर कुठंच लिहिलेलं नसतं.

घसरण कुठं झाली

चौथं वाक्य परत बघा: ‘तू इकडं यायची गरज नाही, तिथंच थांब.’ दाजींचं मूळ वाक्य ‘त्यानं इकडं यायची गरज नाही’ असं होतं. आईनं ‘त्यानं’चं ‘तू’ केलं, कारण ती माझ्याशी बोलत होती. ‘थांबावं’चं ‘थांब’ केलं. ‘तू’, ‘थांब’ असे पुरुषवाचक शब्द तिनं नेमाने स्वतःच्या ठिय्यावर आणले, स्थळाचे शब्द मात्र दाजींच्या ठिय्यावर तसेच ठेवले. म्हणून ‘तू’ साताऱ्याहून मोजलेला आणि ‘इकडं’ कराडहून. तिच्या मनात काही गोंधळ नव्हता. ‘इकडं’ म्हणजे दाजींचं घर, ‘तिथंच’ म्हणजे आपलं घर, हे तिला लख्ख दिसत होतं, कारण फोनवर दाजींचा आवाज ऐकताना तिनं तसंच समजून घेतलं होतं.

मला ते दिसायला एक गोष्ट आड आली: ‘म्हणाले’ची जागा. मराठीत ‘म्हणाला’ आधी आला तर तो दार उघडून ठेवतो, त्यामागून हवी तेवढी वाक्यं येऊ शकतात. वाक्याच्या शेवटी आला तर तो कडी लावतो. ‘मी येतो तिकडं म्हणाले’, झालं, दाजींचं बोलणं संपलं. पुढच्या वाक्यावर ‘म्हणाले’ नाही, आणि त्यात ‘तू’ आहे. म्हणजे आता आई बोलतेय, असं माझ्या कानानं धरलं. आईच्या तोंडचं ‘इकडं’ म्हणजे सातारा, आणि आई मला ‘तिथंच’ म्हणते म्हणजे मी आहे तिथं. इतकं सरळ.

अभ्यासकांनी इथं एक नियम सुचवलेला आहे. प्रणव आनंद आणि अँड्र्यू नेव्हिन्स यांनी 2004 मध्ये तुर्कस्तानातल्या झाझाकी भाषेवरून मांडलं की एका उपवाक्यात असे शब्द सरकले तर सगळे मिळून सरकतात, एक सरकला आणि दुसरा जागेवर राहिला असं होत नाही. आईचं चौथं वाक्य त्या नियमाला खोडून काढतं असं वरवर वाटेल. माझ्या मते तसं म्हणता येत नाही. तो नियम ‘म्हणाला’च्या पोटातल्या उपवाक्यापुरता आहे, आणि आईचं वाक्य व्याकरणानं कोणाच्याही पोटात नव्हतं, सुटं होतं. बोलीत निरोप असे सुट्या वाक्यांनीच पुढं सरकतात, आणि तिथं राखण करायला व्याकरण फारसं येत नाही.

आता ‘येतो’. हे क्रियापद निरुपद्रवी दिसतं. मराठीत ‘येणं’ बोलणाऱ्याच्या दिशेनं असतं, तसंच ऐकणाऱ्याच्याही दिशेनं असतं. आतल्या खोलीतून कोणी हाक मारली की आपण ‘आलो’ म्हणतो, ‘गेलो’ म्हणत नाही. स्पॅनिश माणूस अशा वेळी ‘जातो’ला जवळचं क्रियापद वापरतो. दाजी आईशी बोलत होते, म्हणून त्यांचं ‘येतो’ आईच्या दिशेनं होतं, साताऱ्याला. तेच वाक्य आईनं मला ऐकवलं, आणि ऐकणारा बदलला. ‘येतो’ आता माझ्या दिशेनं झालं. शब्द तसाच राहिला आणि त्याचं टोक सातारा सोडून पुण्याकडे वळलं. आईच्या तोंडचं ‘तिकडं’ त्याला दुजोरा द्यायला बाजूलाच होतं: आईपासून लांब, म्हणजे पुणे. दोन शब्द एकमेकांची चुकीची साक्ष देत होते.

जाता जाता एक. आमची पणजी नवऱ्याचा उल्लेख ‘इकडून’ असा करायची, ‘इकडून नको म्हणणं झालं’ वगैरे. स्थळाच्या शब्दाला व्यक्तीचं काम देण्याची ही जुनी रीत निरोपात काय धमाल उडवत असेल, कल्पना करवत नाही.

‘आपण’मध्ये किती जण?

पाचवं वाक्य दोन्हीकडे अक्षरशः सारखं आहे: ‘उद्या सकाळी आपण बरोबरच जाऊ.’ आणि तिघांनी त्याचे तीन हिशेब केले.

मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की आत. गुजरातीत आणि तेलुगूत हा भेद आहे, हिंदीच्या ‘हम’मध्ये तो नाही. पण ‘आपण’ ऐकणाऱ्याला आत घेतो हे खरं असलं, तरी निरोपातला ऐकणारा कोणता? दाजींच्या मनात ते वाक्य ‘त्याला सांगा’च्या पुढचं होतं, म्हणजे मला उद्देशून. त्यांच्या ‘आपण’मध्ये दोघं होते, ते आणि मी. फोनच्या दुसऱ्या टोकाला प्रत्यक्ष ऐकत होती ती आई, आणि तिनं त्या ‘आपण’मध्ये स्वतःला धरलं. रीतीनं तिचं बरोबरच होतं. जावई तिला ‘आपण जाऊ’ म्हणाले होते, तिनं काय वेगळं समजायचं? माझ्यापर्यंत ते आईच्या आवाजात आलं, म्हणून माझ्या हिशेबात आई होतीच, आणि ती साताऱ्यात असल्यानं ‘वाटेत घ्यायचं’ हा भाग मी स्वतःच शिवून टाकला. माझ्या समजुतीत इथंच एक टाका उसवलेला होता. दाजी साताऱ्यावरून पुण्याला येणार आणि आईला बरोबर न घेता परत न्यायला येणार, हे जरा विचित्रच. पण माणूस एकदा अर्थ लावून बसला की न जुळणारे तुकडे दामटून बसवतो.

नंतरचं सांगणं

महिनाभरानं कराडला गेलो तेव्हा दाजी हा किस्सा शेजाऱ्यांना सांगत होते. मी सवयीनं कान दिला. ‘मी आपला दुकान बंद करून निघालो, साडेसातला इथं येऊन बघतो तर हा नाहीच! आई म्हणतात, येईलच की आता. मी बसलोय इथं, आणि हा तिकडं श्रीखंड खातोय.’

दाजी हे कराडच्या घरात, सोफ्यावर बसून बोलत होते. त्यांचं ‘इथं’ सातारा होतं. ‘निघालो’पर्यंत भूतकाळ चालला, ‘बघतो’ला वर्तमान आला आणि त्याच पावली ‘इथं’ साताऱ्याला पोचलं. ब्यूलर यांनी यालाही जागा करून ठेवली होती: डोळ्यांसमोर नसलेल्या जागी मनानं जाऊन तिथून बोट दाखवणं. गोष्ट सांगणारा तिथं जातो आणि ऐकणाऱ्यालाही ओढून नेतो. शेजारी कोणी गोंधळले नाहीत, कारण ‘निघालो’नं त्यांना गाडीत बसवलं होतं. फक्त मध्येच आलेल्या एका काकांनी विचारलं, ‘इथं म्हणजे? इथं कोण येणार होतं?’ ते गाडी सुटल्यावर आले होते.

आईच्या निरोपात ती गाडीच नव्हती. तिनं मला कराडला न नेता कराडहून बोट दाखवलं.

आता मुलाखती उतरवताना मी समासात ठिय्या लिहितो. ‘इकडं’ आलं की कोणाचं आणि कुठून, हे तिथल्या तिथं. बोलणारा समोर असेल तर गावाचं नाव वदवून घेतो. ‘म्हणाला’ वाक्याच्या शेवटी आला असेल तर त्यापुढच्या पहिल्या वाक्यावर पेन्सिलीनं खूण करतो, कारण ते नक्की कोणाचं हे तिथंच निसटतं. ‘मी’ बद्दल सहसा काही लिहावं लागत नाही, तो बहुतेक वेळा स्वतःची काळजी घेतो.

मोजणीच्या सकाळी मी पहाटेची गाडी धरली. सातच्या सुमारास फोन वाजला. दाजींचा नंबर, आवाज आईचा, मागे गाडीचं इंजिन.

‘आम्ही निघालो रे.’

रात्रीतून ‘आपण’चं ‘आम्ही’ झालं होतं.

‘तू ये परस्पर तिकडं.’

‘तिकडं म्हणजे कुठं?’

‘शेतावर,’ आई म्हणाली. ‘कोरेगावला उतर. आणि ते श्रीखंड आण.’